आकडे जवळजवळ, पण कशाच्या?

“अरे, तुझ्या वहीत काय लिहिलंय? अॅक्युरसी म्हणजे मोजमाप खऱ्या किमतीच्या किती जवळ आहे ते. आणि प्रिसिजन?”

“प्रिसिजन म्हणजे मोजमापं एकमेकांच्या किती जवळ आहेत ते. पण मला सांग, पाच वेळा मोजलं आणि पाचही वेळा जवळपास तेच उत्तर आलं, तर ते बरोबरच असणार ना? मग एकाच गोष्टीला दोन नावं कशाला?”

“पण परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ म्हणून येतं.”

“म्हणून तर पाठ करायचं. समजायला त्यात काही नाही.”

विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षातली ही दोघं. तिला मुक्ता म्हणू, त्याला ओंकार. माणसं कल्पनेतली आहेत, पण असं संभाषण भौतिकशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या बाहेर, जर्नल पूर्ण करायच्या घाईत, ऐकू येऊ शकतं. आणि ओंकारची शंका वाटते तितकी भाबडी नाही. पुन्हा पुन्हा तेच उत्तर आलं म्हणजे ते खरं, हा तर्क आपण सगळेच रोज वापरतो. ताप दोनदा बघतो, पैसे दोनदा मोजतो. तो तर्क कुठे चालतो आणि कुठे फसवतो, हे समजायला व्याख्यांपेक्षा त्या दोघांच्या जर्नलमधले आकडे जास्त उपयोगी पडतात. म्हणून आपण थेट आकड्यांकडेच जाऊ.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा आहे, साध्या लंबकाचा. दोऱ्याला धातूचा गोळा बांधायचा, वरचं टोक चिरलेल्या बुचात घट्ट धरायचं, गोळा थोडासा बाजूला नेऊन सोडायचा आणि झोक्यांना किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर बघायचं. एका पूर्ण झोक्याचा वेळ T आणि लंबकाची लांबी L, एवढं हाती आलं की g = 4π²L/T² या सूत्रातून गुरुत्व त्वरण निघतं. पुस्तकात आपण 9.8 लिहितो, पण ते जागेप्रमाणे थोडं बदलतं. विषुववृत्तावर ते साधारण 9.78 असतं, ध्रुवांवर 9.83. आपली ही दोघं पुण्यात शिकतात असं धरू. पुण्याचा अक्षांश आणि उंची लक्षात घेता तिथे ते 9.78 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं येतं.

मुक्ता हाताने नीटस. तिने शंभर सेंटिमीटर दोरा मोजून घेतला आणि एकेका झोक्याऐवजी वीस झोक्यांचा वेळ घेतला. ही शहाणपणाची गोष्ट आहे. स्टॉपवॉचचं बटण दाबताना हाताकडून दहाव्या हिश्श्याच्या आसपास सेकंद इकडेतिकडे होतोच, पण तो वीस झोक्यांत वाटला गेला की एका झोक्याच्या वाट्याला नगण्य येतो. शिवाय गोळा मधल्या खुणेवरून जातो त्या क्षणी तिने घड्याळ सुरू केलं. टोकाला गोळा क्षणभर रेंगाळतो, तो नेमका कधी वळला ते डोळ्याला ठरवता येत नाही. मध्यावर मात्र तो सर्वांत वेगात असतो, खूण ओलांडल्याचा क्षण स्वच्छ दिसतो. अशा काळजीने तिची पाच रीडिंग आली: 40.36, 40.41, 40.34, 40.39 आणि 40.38 सेकंद. त्यांतून g निघालं 9.69, 9.67, 9.70, 9.68, 9.68. सरासरी 9.69.

ओंकारला घाई होती. त्याने वीसऐवजी पाचच झोके मोजले. बटण कधी आधी दाबलं गेलं, कधी उशिरा. त्याची रीडिंग 10.12, 9.93, 10.05, 10.17 आणि 9.96 सेकंद. त्यातून g आलं 9.64, 10.01, 9.77, 9.54, 9.95. वहीचं ते पान बघून कुणीही भुवया उंचावेल. सरासरी मात्र निघाली 9.78.

“माझे आकडे बघ, एका रेषेत बसलेत,” मुक्ता म्हणाली. “तुझे तर नऊपासून दहापर्यंत फिरतायत.”

“पण उत्तर माझं बरोबर आलं.”

“तुझं नशीब.”

“आणि तुझं काय?”

मुक्ता गप्प झाली. तिच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हतं, कारण तिच्या कामात कुठे ढिलाई दिसत नव्हती. घोटाळा दोऱ्यात होता. तिने दोरा मोजला तो बुचापासून गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत. लंबकाची लांबी धरायची असते ती गोळ्याच्या मध्यापर्यंत. गोळ्याचा व्यास दोन सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या एक. लंबक खरोखर झुलत होता तो एकशेएक सेंटिमीटरचा आणि सूत्रात ती घालत होती शंभर. प्रत्येक वेळी, तेवढ्याच फरकाने, त्याच दिशेने. ओंकारने घाईतसुद्धा व्हर्निअर कॅलिपरने गोळा मोजून त्रिज्या धरली होती.

आता त्या दोघांच्या वहीतल्या व्याख्या या आकड्यांवर ठेवून बघा. मुक्ताची मोजमापं एकमेकांना चिकटून आहेत, त्यांच्यात प्रिसिजन आहे. पण ती सगळीच्या सगळी खऱ्या किमतीच्या एक टक्का खाली बसली आहेत. ओंकारची विखुरलेली आहेत, पण खऱ्या किमतीच्या दोन्ही बाजूंना विखुरलेली आहेत. दोन वेगळ्या दोषांची दोन वेगळी नावं आहेत ही. एक दोष हाताचा थरथराट, डोळ्याचा अंदाज, वाऱ्याची झुळूक अशा किरकोळ कारणांनी येतो आणि दर वेळी दिशा बदलतो. दुसरा मोजण्याच्या पद्धतीतच मुरलेला असतो आणि दर वेळी एकाच बाजूला ढकलतो. पहिल्याला यादृच्छिक त्रुटी म्हणतात, दुसऱ्याला पद्धतशीर त्रुटी.

“माझं नशीब” हे मात्र मुक्ता बरोबर बोलली होती, आणि ते नीट बघायला हवं, नाहीतर गबाळं काम केलं तरी चालतं असा भलताच अर्थ निघेल. ओंकारच्या पाच उत्तरांचा विखार बघितला तर प्रत्येक उत्तर सरासरीपासून साधारण 0.2 ने इकडेतिकडे जातं. पाच उत्तरांची सरासरी घेतली की ही अनिश्चितता कमी होते, पण पाचपटीने नाही, पाचच्या वर्गमुळाने, म्हणजे सव्वादोन पटीने. म्हणून त्याने प्रामाणिकपणे लिहायला हवं ते 9.78 अधिक-उणे 0.09. आणखी पाच रीडिंग घेतली असती तर सरासरी 9.70 आली असती किंवा 9.86, दोन्ही तितकंच शक्य. नेमकं 9.78 वर बोट पडलं हा योगायोग. पण त्याच्या अधिक-उणेच्या पट्ट्यात खरी किंमत बसते. त्याच्या उत्तराने दावा कमी केला, आणि केलेला दावा खरा ठरला.

मुक्ताचं उलट आहे. तिच्या आकड्यांवर हेच गणित केलं तर उत्तर येतं 9.687 अधिक-उणे 0.006. केवढा नीट आकडा! आणि खरी किंमत त्या पट्ट्याच्या जवळपाससुद्धा नाही. अनिश्चिततेच्या पंधरा-सोळा पट दूर आहे. तिने वीसऐवजी पन्नास झोके मोजले असते, पाचऐवजी पन्नास रीडिंग घेतली असती, तर काय झालं असतं? पट्टा आणखी अरुंद झाला असता, 9.687 भोवती. सरासरी फक्त थरथराट पुसते. सगळ्या रीडिंगमध्ये जो एक सेंटिमीटर सारखाच घुसलाय, त्याला सरासरी हात लावू शकत नाही. ओंकारच्या मूळ शंकेचं उत्तर इथे आहे. पाच वेळा तेच उत्तर आलं याचा अर्थ इतकाच की पाच वेळा आपण तेच केलं.

पुस्तकांत हा फरक समजवायला नेमबाजीचं चक्र काढतात. चार चक्रं असतात, एकात गोळ्या मध्यबिंदूभोवती दाट, एकात दाट पण कोपऱ्यात, एकात विखुरलेल्या, असं. चित्र लक्षात राहतं, पण माझा त्याच्यावर एक गंभीर आक्षेप आहे. त्या चित्रात मध्यबिंदू आधीच छापलेला असतो. गोळ्या कोपऱ्यात गेल्या हे बघणाऱ्याला एका नजरेत कळतं. मोजणाऱ्या माणसापुढे चक्र नसतं, कोरी भिंत असते आणि तिच्यावरची भोकं असतात. भोकं दाट आहेत की विरळ हे तो बघू शकतो. मध्यबिंदू कुठे होता हे त्या भिंतीवर कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून प्रिसिजन आपल्या वहीतच दिसतं, पाच आकडे एकाखाली एक लिहिले की झालं. अॅक्युरसी वहीत दिसत नाही. या दोन गोष्टींतला मोठा फरक मला हा वाटतो, आणि नोट्समध्ये नेमका हाच नसतो.

यावर हमखास उत्तर येतं की g ची किंमत तर पुस्तकात आहे, तिच्याशी ताडून बघायचं. कॉलेजच्या प्रयोगात ते जमतं, कारण तो प्रयोग आधी हजारो लोकांनी केलेला आहे. त्यातून एक वाईट सवयही लागते. उत्तर 9.69 आलं की विद्यार्थी रीडिंग मागे सरकवून 9.8 जुळवतात. व्हायवाला कुणी विचारत नाही आणि जर्नल तपासून मिळतं. पण 9.69 हाच तर त्या दिवशीचा सगळ्यात मोलाचा आकडा होता. प्रयोगात कुठेतरी एक सेंटिमीटर लपलाय हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नव्हतं, आणि तोच खोडला गेला.

आता समजा पुस्तक हाताशी नाही. 9.78 हा आकडा मुक्ताला कुणी सांगितलेलाच नाही. तरी तिला तिची चूक पकडता येईल का? येईल, आणि त्याची रीत साधी आहे. तेच पुन्हा करायचं नाही, काहीतरी बदलून करायचं.

तिने दोरा आखूड केला. आधी साठ सेंटिमीटर, मग तीस. मोजायची पद्धत तीच ठेवली, गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत. साठ सेंटिमीटरला वीस झोक्यांना लागले 31.38 सेकंद, आणि g आलं 9.62. तीस सेंटिमीटरला लागले 22.37 सेकंद, आणि g आलं 9.47.

“हे बघ काय विचित्र झालंय. दोरा जितका आखूड तितकं गुरुत्वाकर्षण कमी!”

“असं कसं होईल? पृथ्वीला काय माहीत तुझा दोरा केवढा आहे?”

“तेच म्हणतेय मी. पृथ्वी बदलली नाही, म्हणजे माझं काहीतरी चुकतंय.”

हा क्षण महत्त्वाचा आहे. तिने खरी किंमत बघितली नाही, तरी तिला कळलं. जी गोष्ट लांबीवर अवलंबून असायला नको ती लांबीबरोबर सरकताना दिसली. आणि सरकण्याचा ढंगही काहीतरी सांगतो. चूक जर टक्केवारीतली असती, म्हणजे मीटरपट्टीच आखूड असती, तर सगळ्या लांब्यांना उत्तर सारख्याच प्रमाणात बिघडलं असतं. इथे लहान लांबीला जास्त बिघाड आहे. म्हणजे चूक ठरावीक आकाराची आहे, शंभरात जेवढी तेवढीच तीसात. शंभरात एक सेंटिमीटर म्हणजे एक टक्का, तीसात एक सेंटिमीटर म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त.

एकदा चूक ठरावीक आकाराची आहे हे कळलं की ती वजाबाकीने काढून टाकता येते. शंभर आणि तीस सेंटिमीटरच्या दोन्ही मोजमापांत तोच एक सेंटिमीटर राहून गेलाय. दोन लांब्यांतला फरक मात्र सत्तर सेंटिमीटर, आणि तो बिनचूक आहे. शंभर सेंटिमीटरला T चा वर्ग 4.076 येतो, तीस सेंटिमीटरला 1.251. फरक 2.825. आता सूत्रात L च्या जागी 0.70 मीटर आणि T² च्या जागी 2.825 घातलं की g निघतं 9.78. चुकीच्या लांब्या घेऊन बरोबर उत्तर! प्रयोगाच्या पुस्तकात L आणि T² चा आलेख काढून त्याच्या चढावरून g काढायला सांगतात ते याचसाठी. पुष्कळ विद्यार्थी तो आलेख जर्नल भरायची आणखी एक कटकट म्हणून काढतात. त्याची रेषा खाली वाढवली तर ती आरंभबिंदूतून जात नाही, लांबीच्या अक्षाला उणे एक सेंटिमीटरवर छेदते. म्हणजे किती सेंटिमीटर विसरलात हेसुद्धा आलेख सांगतो.

पण आलेखाकडूनही सगळं मागता येत नाही. समजा मुक्ताचं स्टॉपवॉच शंभर सेकंदांत एक सेकंद पुढे पळतं. मग प्रत्येक लांबीला वेळ एक टक्का जास्त येणार, g दोन टक्के कमी येणार, आणि सगळ्या लांब्यांना अगदी सारखंच कमी येणार. आलेखाची रेषा सरळ असेल, आरंभबिंदूतून जाईल, तिच्यात खोट काढायला जागा नसेल. ही चूक दोऱ्याची लांबी बदलून सापडत नाही. तिच्यासाठी घड्याळच बदलावं लागतं, दुसऱ्या स्वतंत्र घड्याळाशी ते ताडून बघावं लागतं. प्रत्येक लपलेल्या चुकीला बाहेर काढायला नेमकी तीच गोष्ट हलवावी लागते जिच्यात ती लपली आहे. आणि ती कुठे लपली आहे ते आधी माहीत नसतं. मोजमापाच्या कामातली अवघड गोष्ट ही आहे.

एक चूक तरी अशी आहे की ती लपून राहत नाही. झोके मोजताना गोळा पहिल्यांदा खुणेवरून गेला की घड्याळ सुरू करून ‘एक’ म्हणायचं. तिथे ‘शून्य’ म्हणायला हवं. ‘एक’ म्हटलं की वीस मोजून प्रत्यक्षात एकोणीसच झोके होतात आणि g येतं 10.84. हा आकडा इतका बेढब असतो की कुणीही थबकतं. धोका त्या मानाने सौम्य चुकांचा जास्त असतो. एक टक्क्याची चूक सभ्य दिसते.

अशाच सभ्य चुकीची विज्ञानाच्या इतिहासातली एक गोष्ट आहे, आणि ती घडवणारा माणूस कुणी नवखा नव्हता. रॉबर्ट मिलिकन यांनी अमेरिकेत शिकागोला इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. बारावीच्या पुस्तकात ‘तेलाच्या थेंबाचा प्रयोग’ म्हणून तो बहुतेकांनी वाचलेला असतो. तेलाचा बारीक फवारा दोन धातूच्या तबकड्यांमध्ये सोडायचा, एक थेंब सूक्ष्मदर्शकात पकडायचा, तो नुसत्या हवेत किती वेगाने पडतो ते मोजायचं, मग वीजदाब लावून तो वर कसा चढतो ते मोजायचं. दोन वेगांवरून थेंबावरचा भार निघतो. 1913 साली मिलिकन यांनी 58 थेंबांच्या मोजमापांवरून किंमत प्रसिद्ध केली. आजच्या एककांत ती 1.592 गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम, अधिक-उणे 0.003 अशी होती. थेंबांची उत्तरं एकमेकांशी फार छान जुळत होती. 1923 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं, ते या कामासाठी आणि प्रकाशविद्युत परिणामावरच्या कामासाठी.

आज आपल्याला माहीत असलेली किंमत 1.602 आहे. फरक 0.010, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या अनिश्चिततेच्या तिप्पट. मुक्ताचीच गत.

त्यांचा एक सेंटिमीटर हवेत होता. थेंब इतका लहान की त्याचा आकार थेट मोजता येत नाही. तो हवेत किती सावकाश पडतो यावरून काढावा लागतो, आणि त्यासाठी हवेचा चिकटपणा, म्हणजे श्यानता, माहीत असावी लागते. श्यानतेचा आकडा त्यांनी तोवर झालेल्या मोजमापांवरून घेतला होता आणि तो साधारण 0.4 टक्का कमी होता. गणितात श्यानता दीड घाताने येते, म्हणून भारात ती चूक 0.6 टक्का झाली. आणि ती अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न थेंबांत सारखीच होती. थेंब लहान घ्या, मोठा घ्या, वीजदाब बदला, हवा तीच आणि तिचा आकडा तोच.

चूक बाहेर आली ती थेंबांचा काही संबंध नसलेल्या वाटेने. क्ष-किरणांची तरंगलांबी रेघा ओढलेल्या जाळीने थेट मोजता येऊ लागली. त्या तरंगलांबीवरून स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर निघालं, त्यावरून एका मोलमध्ये किती अणू असतात ते निघालं. एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण भार विद्युत विघटनाच्या प्रयोगांतून आधीपासून माहीत होता. त्याला अणूंच्या संख्येने भागलं की एका इलेक्ट्रॉनचा भार मिळतो, आणि तो मिलिकन यांच्या आकड्यापेक्षा जास्त येऊ लागला. सुरुवातीला संशय क्ष-किरणांवर घेतला गेला. साहजिक होतं, एवढं दाट जुळणारं जुनं मोजमाप चुकेल असं कुणाला वाटेल? शेवटी 1930 च्या दशकात हवेची श्यानता नव्याने मोजली गेली, तेव्हा हिशेब जुळला.

मिलिकन यांचं काम यामुळे कमी ठरत नाही असं मला मनापासून वाटतं. भार तुकड्यातुकड्यांत असतो, सगळे तुकडे सारखे असतात, हे दाखवायला थेंबांची उत्तरं एकमेकांशी जुळणं पुरेसं होतं, आणि ती जुळत होती. त्यासाठी लागतं ते प्रिसिजन. तुकडा नेमका केवढा, हे सांगायला मात्र हवेचा आकडा बरोबर असावा लागतो. एकाच प्रयोगातले हे दोन प्रश्न, आणि एकाचं उत्तर पक्कं आलं म्हणून दुसऱ्याचं येत नाही.

मुक्ता-ओंकारच्या वह्यांत आणखी एक गोंधळ होता, तोही इथे सांगायला हवा, कारण तो त्यांचा दोष नाही.

“माझ्या क्लासच्या नोट्समध्ये लिहिलंय की प्रिसिजन नसेल तर अॅक्युरसीही नाही. मग तुझी विखुरलेली रीडिंग अॅक्युरेट कशी?”

“कॉलेजच्या नोट्समध्ये तर चित्र काढलंय, विखुरलेली पण अॅक्युरेट.”

“दोन्ही कसं बरोबर असेल?”

दोन्ही प्रचारात आहेत. शाळा-कॉलेजच्या बऱ्याच पुस्तकांत अॅक्युरसी म्हणजे सरासरी खऱ्या किमतीच्या जवळ असणं, एवढंच. पण मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात, आयएसओच्या 5725 क्रमांकाच्या 1994 सालच्या दस्तऐवजात, अॅक्युरसी हे दोन्ही गुणांचं मिळून नाव आहे. सरासरी खऱ्या किमतीजवळ असण्याला तिथे वेगळा शब्द आहे, ट्रूनेस. त्या हिशेबाने ओंकारच्या रीडिंगमध्ये ट्रूनेस आहे, अॅक्युरसी नाही. औषध कंपनीच्या किंवा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला ही दुसरी मांडणी जास्त सोयीची पडते, कारण तिथे बहुतेक वेळा एका नमुन्याचं एकच रीडिंग अहवालात जातं. ते एकटं रीडिंग भरवशाचं असायचं तर दोन्ही दोष लहान असावे लागतात. परीक्षेत आपल्या पुस्तकातली व्याख्या लिहावी. बाहेर मात्र समोरचा कुठल्या अर्थाने बोलतोय ते आधी विचारून घ्यावं.

मिलिकन यांच्या प्रयोगाचं पुढे एक वेगळंच वळण झालं. 20 मे 2019 पासून इलेक्ट्रॉनचा भार मोजायचा आकडा राहिलेला नाही. एककांच्या नव्या व्यवस्थेत तो 1.602176634 गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलोम असा ठरवूनच टाकला आहे, आणि अॅम्पिअर त्याच्यावरून ठरतो. तेलाच्या थेंबाचा संच आजही कॉलेजांत असतो, विद्यार्थी थेंब पकडतात, वेग मोजतात. त्यांचा भार 1.59 आला तर चूक आपल्याच बाजूची, हे आता आधीच ठरलेलं आहे. पण तेच समीकरण उलट दिशेने सोडवता येतं. भार पक्का धरला, बाकीची मोजमापं नीट घेतली, की अज्ञात म्हणून उरते ती हवेची श्यानता. ज्या आकड्याने मिलिकन यांना फसवलं, तोच त्यांच्या उपकरणातून काढता येतो.